'यू' म्हणजे तुम्हीच

दोन वर्षांपूर्वी मी क्लायंटच्या टीममधल्या एका माणसाला एक मेल लिहिला होता. सब्जेक्टच्या जागी एकच शब्द होता, 'रिक्वेस्ट'. मजकूर असा होता :

"रिस्पेक्टेड सर, सॉरी टू डिस्टर्ब यू इन युअर बिझी शेड्यूल. आय अ‍ॅम रिअली सॉरी इफ धिस इज अ सिली क्वेश्चन. आय वॉज चेकिंग द लॉग्ज अँड आय थिंक, मेबी आय अ‍ॅम राँग, द सर्टिफिकेट इज एक्स्पायरिंग सून. काइंडली चेक अँड प्लीज डू द नीडफुल व्हेनेव्हर यू गेट टाइम. सॉरी अगेन फॉर द इनकन्व्हीनियन्स कॉज्ड. थँक यू सो मच इन अ‍ॅडव्हान्स फॉर युअर व्हॅल्युएबल टाइम. थँक्स अँड रिगार्ड्स."

मोजा. तीन वेळा सॉरी, दोनदा आभार, एक काइंडली, एक प्लीज. आणि मुद्दा अर्ध्या वाक्यात, तोही 'मी चुकत असेन' या पांघरुणाखाली.

मुद्दा मात्र मोठा होता. क्लायंटच्या पेमेंट गेटवेवरचं सर्टिफिकेट नऊ दिवसांनी संपणार होतं. वेबसाइटच्या पत्त्यामागे ते कुलूप दिसतं ना, त्यामागचं हे ओळखपत्र. त्यावर शेवटची तारीख असते. ती उलटली की समोरचा सर्व्हर बोलणंच बंद करतो. ते नवं करणं माझ्या हातात नव्हतं, त्या माणसाच्या टीमच्या हातात होतं. मी दुसऱ्याच कामासाठी लॉग चाळत होतो, तेव्हा ती तारीख दिसली. म्हणजे मी कुणाला त्रास देत नव्हतो, येणाऱ्या त्रासाची खबर देत होतो. आणि ती खबर मी माफी मागत मागत दिली.

उत्तर आलं नाही. नवव्या दिवशी, यूटीसी वेळेनुसार रात्री ११:५९ ला, म्हणजे आपल्याकडे पहाटे ५:२९ ला, सर्टिफिकेट संपलं. आमच्या सर्व्हरनी जोडणी नाकारायला सुरुवात केली. साडेनऊपर्यंत एकही पेमेंट झालं नाही. दुपारच्या कॉलवर क्लायंटकडच्या कुणीतरी माझा मेल स्क्रीनवर लावला आणि सरळ प्रश्न विचारला : याने आधीच 'इनकन्व्हीनियन्स कॉज्ड' म्हणून माफी मागितली आहे, तर याने नेमकं काय बदललं होतं?

मी काहीही बदललं नव्हतं. हे सिद्ध करायला माझ्या मॅनेजरचे दोन दिवस गेले. वर्षअखेरीच्या मूल्यमापनात माझ्या नावापुढे 'संवादकौशल्य सुधारणे आवश्यक' असं आलं आणि माझी रवानगी सॉफ्ट स्किल्सच्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला झाली. तिथल्या बाईंनी सांगितलं की तुमच्यात आत्मविश्वास कमी आहे. आरशासमोर उभं राहून बोला.

माझं भांडण या निदानाशी आहे. माझ्या टीममध्ये सांगलीचा एक जण आहे. तो मराठीत कुणाच्याही तोंडावर 'हे चुकलंय तुमचं' असं म्हणतो. कँटीनवाल्याशी, सिक्युरिटीवाल्याशी, व्हाइस प्रेसिडेंटशी त्याचा आवाज एकच. तोच माणूस इंग्रजी मेलमध्ये 'सॉरी फॉर बॉदरिंग यू' लिहितो. त्याचा आत्मविश्वास कीबोर्डची भाषा बदलली की कुठे जातो? आत्मविश्वास कमी असता तर तो दोन्हीकडे कमी असता. गोची भाषेच्या सांध्यात आहे, आणि ती दाखवता येते.

मराठीत आदर क्रियापदात असतो. एखाद्याकडून फाइल मागवायची आहे. 'फाइल पाठव.' 'फाइल पाठवा.' 'फाइल पाठवाल का?' 'फाइल पाठवावी, ही विनंती.' चार पायऱ्या झाल्या, आणि एकीतही प्लीज नाही, सॉरी नाही. 'पाठवा' मधल्या त्या एका काना-मात्रेच्या फरकात साहेबांचा मान राखला गेला. 'साहेब आले' म्हटलं की एकटा माणूस व्याकरणात अनेकवचनी होतो. शिवाय 'जरा', 'तेवढं', 'बरं का' हे आहेतच. 'तेवढं जरा बघता का?' यापेक्षा मऊ विनंती मला इंग्रजीत अजून सापडलेली नाही.

आता हाच माणूस इंग्रजी लिहायला बसतो. 'सेंड' ला 'पाठवा' होता येत नाही. 'यू' ला 'आपण' होता येत नाही. आणि पहिलीपासून आपण घोकलेलं काय आहे? आय म्हणजे मी, यू म्हणजे तू. पुढे कधीतरी 'किंवा तुम्ही' असंही सांगितलं गेलं असेल, पण पहिला ठसा 'तू' चाच. त्यामुळे चाळिशीच्या, अनोळखी, पगाराने तिप्पट माणसाला 'यू' लिहिताना आतून वाटतं की आपण याला अरे-तुरे करतोय. मग त्या अरे-तुरेची भरपाई म्हणून आधी एक सॉरी, मध्ये एक काइंडली, शेवटी एक थँक यू सो मच. क्रियापदातून निसटलेला आदर आपण पोत्याने बाहेरून आणून ओततो.

आणि गंमत अशी की 'यू' म्हणजे 'तू' नव्हेच. इंग्रजीत पूर्वी आपल्यासारखीच दोन सर्वनामं होती. 'दाऊ' म्हणजे तू, आणि 'यू' म्हणजे तुम्ही. मोठ्यांना, वरिष्ठांना, अनोळखी लोकांना 'यू' म्हणायचे. सतराव्या शतकात क्वेकर पंथाची मंडळी समतेपोटी सगळ्यांनाच 'दाऊ' म्हणायला लागली, तेव्हा प्रतिष्ठित लोक भडकले होते, कारण ते सरळसरळ अरे-तुरे होतं. पुढे रोजच्या बोलण्यातून 'दाऊ' जवळजवळ गेलं. प्रार्थनेत, जुन्या नाटकांत आणि काही बोलींत उरलं. राहिलं ते 'यू'. म्हणजे आज इंग्रजीत प्रत्येक जण प्रत्येकाला, अगदी कुत्र्यालासुद्धा, 'तुम्ही' म्हणतो. आपण ज्याची माफी मागतो ते अरे-तुरे मुळात घडलेलंच नसतं.

ही झाली अर्धी गोष्ट. उरलेली अर्धी शाळेतल्या अर्जात आहे. माझी शाळा मराठी माध्यमाची, सोलापूर जिल्ह्यातली. इंग्रजीत औपचारिक लिहिणं म्हणजे रजेचा अर्ज, एवढंच आम्हाला शिकवलं गेलं. 'रिस्पेक्टेड सर, विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू स्टेट दॅट...' शेवटी 'युअर्स ओबीडियंटली'. बेग म्हणजे भीक, हे कळायला मला इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष लागलं. ही साहेबाच्या कचेरीत अर्ज घेऊन उभ्या असलेल्या माणसाची भाषा आहे. साहेब गेला, अर्ज राहिला. आणि बारा-पंधरा वर्षांच्या शिक्षणात इंग्रजी पत्राचा दुसरा नमुनाच न दिसलेल्या पोराला आपण नोकरीच्या पहिल्या दिवशी रोज वीस मेल लिहायला बसवतो.

इथे कुणीतरी म्हणेलच की नम्रता ही आपली संस्कृती आहे, ती का सोडायची? मला हा युक्तिवाद सगळ्यात जास्त खटकतो, कारण तो मराठीच्या नावावर खोटं खपवतो. घरात पाणी आणून देणाऱ्या बहिणीला आपण धन्यवाद म्हणतो का? म्हटलं तर ती विचारेल, 'बरा आहेस ना?' मित्राने मध्यरात्री स्टँडवरून घरी सोडलं आणि आपण 'मी आपला अत्यंत आभारी आहे' म्हटलं, तर तो दुखावेल. आपण म्हणतो, 'तू होतास म्हणून पोचलो बाबा.' मराठीत आभार असे मानतात : काय झालं आणि कुणामुळे झालं ते सांगायचं. जुनं मराठी पत्र काढून बघा. 'तीर्थरूप' आणि 'शिरसाष्टांग नमस्कार' वर मायन्यात, 'कळावे, लोभ असावा' खाली. आदराची दोन्ही दारं पक्की. मधला मजकूर मात्र कामाचा : पैसे पोचले, विहिरीला पाणी लागलं, अमुक तारखेला येतो. मजकुरात कुणी दर ओळीला लोटांगण घालत नाही. मराठी शाळेतल्या अर्जातसुद्धा 'विषय : दोन दिवसांची रजा मिळण्याबाबत' असा नेमका विषय लिहायला लावतात. माझ्या 'रिक्वेस्ट' पेक्षा तो सातवीतला मुलगा हुशार.

मग कापायचं कसं? प्रशिक्षणातून परत आल्यावर मी आरशासमोर उभा राहिलो नाही. जीमेलच्या शोधपट्टीत हे टाकलं :

```
in:sent sorry newer_than:3m
```

तीन महिन्यांत माझे ६४ मेल निघाले. एका रविवारी बसून मी प्रत्येक सॉरीसमोर कारण लिहिलं. पाच ठिकाणी माझी खरी चूक होती. अकरा ठिकाणी उत्तराला उशीर झाला होता, त्यातल्या निम्म्यांहून जास्त वेळा एका दिवसाच्या आत. उरलेल्या ४८ ठिकाणी मी फक्त काहीतरी मागितलं होतं, विचारलं होतं किंवा कळवलं होतं. म्हणजे माझं काम केलं होतं. तुम्हीही हे एकदा करा. कुणाला दाखवू नका, फक्त तीन ढीग लावा : चूक, उशीर, काम.

'काम' या ढिगातलं सॉरी सरळ खोडायचं. त्याजागी दुसरं काही ठेवायचं नाही. 'सॉरी टू डिस्टर्ब यू' नंतरच्या वाक्यापासून मेल सुरू करायचा. हे फोनमुळे आणखी गरजेचं झालंय. समोरचा माणूस मेल आधी नोटिफिकेशनमध्ये बघतो. तिथे नाव, सब्जेक्ट आणि पहिली ओळ एवढंच दिसतं. माझ्या त्या मेलचं त्याला काय दिसलं असेल? 'रिक्वेस्ट. रिस्पेक्टेड सर, सॉरी टू डिस्टर्ब यू इन...' बस. मीच सांगितलं होतं की हा व्यत्यय आहे. त्याने तो बाजूला सारला, तर त्याचं काय चुकलं?

'उशीर' या ढिगात एक दिवसाच्या आतला उशीर हा उशीरच नसतो, त्याबद्दल काही लिहू नका. आठवडा गेला असेल तर एक सॉरी, आणि लगेच नवी तारीख. आजारपण, लग्न, नेटवर्क यांचं पुराण नको. वाचणाऱ्याला तुमची सबब नको असते, गोष्ट कधी मिळेल ते हवं असतं.

'चूक' या ढिगातलं सॉरी मात्र ठेवायचं आणि नीट लिहायचं. मागच्या वर्षी मी चुकीच्या फोल्डरवर स्क्रिप्ट चालवली आणि टेस्टिंगचा दोन दिवसांचा डेटा उडवला. तेव्हा लिहिलं : सकाळी अकरा वाजता माझ्याकडून हे झालं, त्याने तुमच्या टीमचे दोन दिवसांचे रिपोर्ट गेले, त्याबद्दल सॉरी, बॅकअपमधून परत आणतोय, चार वाजेपर्यंत होईल, स्क्रिप्ट चालण्याआधी फोल्डरचं नाव विचारेल असा बदल केला आहे. एकच सॉरी, नुकसानीच्या शेजारी. ज्याला वर्षभर ४८ फुकटची सॉरी मिळाली आहेत, त्याला हे एकोणपन्नासावं खरं आहे हे कसं कळणार? उगाच माफी मागण्याचं सगळ्यात मोठं नुकसान हे आहे.

आता एक धोक्याची सूचना. माझे काही मित्र उत्साहाने सगळंच कापून बसले. 'सेंड मी द फाइल टुडे.' डोक्यात 'फाइल आज पाठवा' होतं, म्हणून त्यांना ते सभ्य वाटलं. वाचणाऱ्याला मात्र नुसता हुकूम पोचला. इंग्रजीतही आदर आहे, फक्त तो 'कुड' आणि 'वुड' मध्ये राहतो. 'कुड यू सेंड द फाइल टुडे?' हे जवळपास आपलं 'फाइल आज पाठवाल का?' आहे. त्याच्या जोडीला एक कारण द्या आणि आपल्या बाजूने काय करणार ते सांगा. एवढं पुरतं.

किती मऊ लिहायचं याचं मोजमापही आहे. पेनेलपी ब्राउन आणि स्टीव्हन लेव्हिन्सन या दोन अभ्यासकांनी इंग्रजी, तमिळ आणि मेक्सिकोतली त्सेल्ताल या तीन भाषांच्या आधारे सभ्यतेवर लिहिलं. त्यांचं पुस्तक १९८७ चं. त्यांच्या मते विनंतीचं वजन तीन गोष्टींवर ठरतं : दोघांतलं अंतर, समोरच्याची सत्ता, आणि मागणी केवढी आहे. आपण पहिल्या दोनच बघतो. गोरा साहेब, मोठं पद, झालं, लोटांगण. तिसरी गोष्ट विसरतो. एक तारीख विचारणं आणि कुणाचा शनिवार मागणं यांचं वजन सारखं नाही. शनिवार मागताना 'हे जास्त होतंय याची कल्पना आहे' असं जरूर म्हणा. तारीख विचारताना नको.

आभारांचंही तेच. 'थँक्स इन अ‍ॅडव्हान्स' मला आता उद्धट वाटतं. समोरच्याने हो म्हणण्याआधीच त्याचं हो धरून चालायचं, वर त्याची पावतीही फाडायची. आभार काम झाल्यावर, आणि मघाच्या मराठी पद्धतीने : 'तू तो हरवलेला लॉग शोधलास म्हणून आज रिलीज झालं.' हे एक वाक्य 'थँक यू सो मच फॉर युअर काइंड सपोर्ट अँड को-ऑपरेशन' ला भारी आहे, कारण ते दुसऱ्या कुणालाही पाठवता येत नाही.

याच्या मर्यादाही आहेत. आमच्या टीममधल्या एका मैत्रिणीने असेच मेल आखडले, तर पंधरा दिवसांत तिला 'टोन जरा रूड वाटतो' असा निरोप आला. मी तसाच मेल पाठवला तेव्हा तो 'क्रिस्प' ठरला होता. हा न्याय मेलच्या मजकुराने बदलणार नाही, आणि तिने किती सॉरी ठेवायचं हे मी ठरवू शकत नाही. तिने कारणाचं वाक्य वाढवलं, सॉरी परत आणलं नाही. तसंच काही साहेबांना 'सर' लागतंच. मी 'सर' ठेवतो. 'सर' हा मायना आहे, तो मजकुरात घुसत नाही.

पण मॅनेजर लोकांनाही एक सांगायचंय. तुमच्या हाताखालचं पोर तीनदा सॉरी लिहून मेल पाठवतं तेव्हा तुम्हाला बरं वाटतं, हे कबूल करा. ते वाटणं फुकट नाही. ते पोर वाईट बातमी तुम्हाला नऊ दिवस आधी सांगतं, पण माफीत गुंडाळून, आणि तुम्ही ती वाचत नाही. पुढच्या वेळी असा मेल आला तर त्याला आरशाकडे पाठवण्याऐवजी एक ओळ लिहा : सॉरी कशाबद्दल? मुद्दा सांग.

मागच्या महिन्यात त्याच गेटवेच्या सर्टिफिकेटची तारीख पुन्हा जवळ आली. माणूस तोच. या वेळी सब्जेक्ट होता, 'पेमेंट गेटवे सर्टिफिकेट एक्स्पायर्स १४ मार्च : रिन्यूअल नीडेड'. मजकूर असा :

"हाय, द पेमेंट गेटवे सर्टिफिकेट एक्स्पायर्स ऑन १४ मार्च, २३:५९ यूटीसी. आफ्टर दॅट अवर सर्व्हर्स विल रिजेक्ट द कनेक्शन अँड पेमेंट्स विल फेल. कुड यू रिन्यू इट बाय १२ मार्च? आय कॅन टेस्ट इट फ्रॉम अवर साइड द सेम डे. थँक्स."

'थँक्स' शेवटी एकदा, 'कळावे' सारखं. पाठवायच्या आधी 'सॉरी टू डिस्टर्ब' लिहायला बोट दोनदा गेलं, ते खोडलं. चाळीस मिनिटांत उत्तर आलं : 'गुड कॅच. विल डू धिस वीक.' १२ तारखेला सर्टिफिकेट बदललं, मी तपासलं, आणि १५ तारखेला पहाटे ५:२९ ला मी झोपलो होतो.